कोऱ्या जागा आणि १०२ मिलिमीटरचा तो आकडा

पावसाच्या रोजच्या नोंदींवर प्रकल्प घेतला असेल, तर तक्त्यात कोऱ्या जागा सापडणारच. त्या भरायच्या कशा, हे कुठल्याही पुस्तकात मिळतं. मी आपटलो ते वेगळ्याच ठिकाणी, म्हणून हे लिहितोय.

आधी सोपं उरकतो. कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे. `fillna(0)` मारलंत तर जुलैत खोटा उघडीप-काळ तयार होतो. महिन्याची सरासरी टाकलीत तर रोज सारखाच पाऊस पडलेलं एक अजब गाव तयार होतं. ग्रुपवर फिरणाऱ्या एका ओळीच्या युक्त्यांवर माझा राग आहे तो याचसाठी.

त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग म्हणजे शेजारच्या केंद्रांवरून अंदाज. शेजारच्या केंद्राचा त्या दिवसाचा पाऊस घ्यायचा, आपल्या केंद्राच्या वार्षिक सरासरीला शेजाऱ्याच्या वार्षिक सरासरीने भागून आलेल्या गुणोत्तराने त्याला गुणायचं आणि दोन-तीन शेजाऱ्यांवरून असे आलेले आकडे सरासरीत घ्यायचे. फक्त शेजारी नकाशावरचं अंतर बघून निवडू नका. महाबळेश्वर आणि वाई जवळच आहेत, पण एकीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर दुसरीकडे हजाराच्याही आत. घाटमाथ्यावरच्या केंद्राला घाटमाथ्यावरचाच शेजारी हवा.

हे सगळं मी केलं होतं. तरी फसलो.

माझ्या केंद्रावर १४ आणि १५ जुलै कोरे होते. १६ला १०२ मिलिमीटर. शेजारच्या केंद्रावर त्याच तीन दिवशी ४०, ६० आणि २०. गुणोत्तर ०.८, म्हणून मी १४ला ३२ आणि १५ला ४८ भरले. तीन दिवसांचे झाले १८२. तक्ता भरला, आलेख सुंदर आला, मार्गदर्शकांनी "छान, आता पुढे जा" म्हटलं. (ज्यांना पुढे जायची घाई असते, त्यांना कच्च्या नोंदी दाखवून उपयोग नसतो, हे माझं मत. तुमचे मार्गदर्शक चांगले असतील.)

चूक पकडली एका निवृत्त नोंदणी कर्मचाऱ्याने. त्यांनी तारखा बघितल्या आणि म्हणाले, "अहो, हे शनिवार-रविवार आहेत. सुट्टीत मापकाकडे कोण जाणार? सोमवारी सकाळी साडेआठला बाटलीत जेवढं साठलं होतं तेवढं मोजून लिहिलंय."

म्हणजे ते १०२ एका दिवसाचे नव्हतेच. तीन दिवसांचा साठा होता. मी त्यातले दोन दिवस पुन्हा भरून तोच पाऊस दोनदा पाडला. वर १०२ हा त्या महिन्याचा "सर्वाधिक पावसाचा दिवस" म्हणून माझ्या निष्कर्षात बसला होता!

ओळखायचं कसं? एकट्या १६ तारखेची तुलना केली तर १०२ विरुद्ध २०, हे ०.८च्या आसपासही नाही. पण तिन्ही दिवसांची बेरीज करा: १०२ विरुद्ध १२०, म्हणजे ०.८५. कोऱ्या जागांनंतरचा पहिला आकडा एकटा विसंगत आणि बेरजेत सुसंगत दिसला, की तो साठ्याचा असण्याची शंका घ्या. खात्री हवी तर मूळ नोंदवही बघा.

इथे १०२ हा आकडा वाढवायचा नसतो, वाटायचा असतो. शेजाऱ्याच्या ४०:६०:२० या प्रमाणात वाटला की ३४, ५१ आणि १७ येतात. आणि इथेच खुणेचा प्रश्न येतो, जो मला फार उशिरा कळला. १६ तारखेला मूळ नोंद आहे, पण १७ हा आकडा अंदाजच आहे. त्यालाही खूण हवी. मूळ रकाना मात्र कधीच खोडायचा नाही:

```
date,rain_raw,rain_fill,flag
07-13,12,12,M
07-14,,34,D
07-15,,51,D
07-16,102,17,D
```

माझ्या खुणा चारच: `M` मोजलेला, `E` शेजाऱ्यांवरून अंदाजलेला, `D` साठ्यातून वाटलेला, `X` मुद्दाम कोरा ठेवलेला. एक्सेलमध्ये पेशी पिवळ्या करून समाधान मानू नका. फाइल सीएसव्हीत जतन केली की पिवळा रंग गेला आणि सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही की खरं कोणतं. माझं हेही झालंय.

मग या खुणांचं करायचं काय? महिन्याच्या बेरजेला `D` बिनधास्त घ्या, कारण साठा खराच मोजलेला आहे. `E` घेतलात तर किती दिवस घेतले ते शेजारी लिहा. पण सर्वाधिक पावसाचा दिवस शोधताना फक्त `M`. पावसाळी दिवस मोजतानाही तेच: २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तर पावसाळी दिवस धरतात, आणि शेजाऱ्यांच्या सरासरीत कुठल्या तरी एकाची सर मिसळून कोरडा दिवसही ही रेष ओलांडतो.

घाबरू नका, अंदाज किती चुकतोय हे तपासता येतं. मोजलेले तीसेक दिवस मुद्दाम झाका, तीच पद्धत लावा आणि खऱ्या आकड्यांशी ताडून बघा. माझं जोरदार पावसाच्या दिवशी बरंच कमी आलं. त्यानंतर पंधरा दिवसांची एक सलग कोरी पट्टी होती, तिथे मी सरळ `X` लिहिला.