ट्रॅक चेंजेस बंद ठेवून बदललेला करार: कलमे जुळवताना या चुका टाळा

करारनाम्याचा मसुदा आपण समोरच्या पक्षाकडे पाठवतो, चार दिवसांनी तो "किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत" अशा एका ओळीसह परत येतो आणि फाइल उघडल्यावर लक्षात येते की दुरुस्त्या करताना ट्रॅक चेंजेस बंद होते, त्यामुळे काय खोडले आणि काय घातले याची एकही खूण पानावर नाही. अशा वेळी दोन्ही आवृत्त्या वर्डच्या तुलना-सोयीतून काढून बदललेल्या कलमांची यादी करणे हाच मार्ग असतो. तो मार्ग सोपा वाटतो, पण यादी अपुरी राहण्याची कारणे त्यातच दडलेली असतात. पुण्यातील एका दुकानाच्या ३६ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराचे उदाहरण घेऊन ती कारणे पाहू. मूळ मसुदा मराठीत होता, त्यात १८ कलमे आणि दोन परिशिष्टे होती आणि तो लायसन्सीच्या, म्हणजे जागा घेणाऱ्याच्या, बाजूने आम्ही तयार केला होता.

तुलनेचा पायाच चुकीचा घेणे

पहिली चूक माझ्याच हातून झाली. मी संगणकावरच्या फोल्डरमधली "करार अंतिम" नावाची फाइल मूळ म्हणून घेतली आणि तुलनेत दिसलेला पहिलाच बदल पाहून मालकाच्या बाजूवर मनातल्या मनात रागावलो. तो बदल मीच केलेला होता, मसुदा पाठवून झाल्यानंतर, दुसऱ्या दिवशी. मूळ प्रत म्हणून नेहमी समोरच्यांना गेलेल्या ई-मेलला जोडलेली फाइलच उतरवून घ्यावी, आलेली फाइलही ई-मेलमधूनच नव्याने उतरवावी, दोन्हींना तारखेसह नावे द्यावीत आणि त्यांचे गुणधर्म "फक्त वाचनासाठी" करून ठेवावेत. पुढची सगळी कामे त्यांच्या नकलांवर करावीत.

यानंतर वर्डमध्ये `Review > Compare > Compare…` येथे जाऊन `Original document` मध्ये आपली पाठवलेली प्रत आणि `Revised document` मध्ये आलेली प्रत निवडायची असते. ही अदलाबदल झाली तर खोडलेला मजकूर घातलेला म्हणून दिसतो आणि सगळी यादी उलटी होते. यावर सोपा उपाय म्हणजे नव्या प्रतीत नक्की असलेला एखादा शब्द आधी शोधून ठेवावा आणि तो तुलनेत "घातलेला" म्हणून येतो की नाही ते पाहावे. त्याच मेनूतले `Combine` वेगळ्या कामासाठी आहे, अनेकांच्या खुणा असलेल्या प्रती एकत्र करण्यासाठी. ते येथे वापरू नये.

कधी आलेल्या फाइलमध्ये चार बदल ट्रॅक केलेले असतात आणि पाच गुपचूप केलेले असतात. असे असेल तर वर्ड तुलनेआधी विचारतो आणि ट्रॅक केलेले बदल स्वीकारलेले आहेत असे धरून पुढे जातो. हे आपल्या सोयीचेच आहे, कारण नऊच्या नऊ बदल एका रांगेत येतात. खुणा दिसणारे चारच बदल वाचून बाकीचा करार जसाच्या तसा आहे असे समजणे मात्र महागात पडते.

गोंगाट कमी करण्याच्या नादात नको ते बंद करणे

आमच्या करारात `Reviewing Pane` वर ७४ बदल दिसले. एवढी संख्या पाहून माणूस घाबरतो आणि तुलनेच्या खिडकीतल्या `More` खाली दिसणाऱ्या सगळ्या पर्यायांवरच्या खुणा काढायला लागतो. त्यातली `Formatting` ची खूण काढणे योग्यच आहे, कारण फॉन्ट आणि ओळींतील अंतर यांचा करारातील हक्कांशी संबंध नसतो. ती काढल्यावर आमचे बदल ७४ वरून ३० वर आले. परंतु `Tables`, `Headers and footers`, `Footnotes and endnotes`, `Textboxes` आणि `Fields` यांच्या खुणा कधीही काढू नयेत, कारण भाड्याचा तक्ता, तळटिपेतील अट आणि चौकटीतील सूचना नेमक्या तेथेच असतात.

उरलेल्या ३० पैकी १८ बदलांनी आम्हाला अर्धा तास चकवले. खोडलेला शब्द "करणाऱ्या" आणि घातलेला शब्दही "करणाऱ्या". डोळ्यांना दोन्ही अगदी एकसारखे. मराठीत हे वारंवार होते, कारण एकच अक्षर वेगवेगळ्या कळफलकांवरून वेगवेगळ्या संकेतांनी उमटते. "ऱ" हे अक्षर थेट `0931` या एका संकेताने येते किंवा `0930` चा "र" आणि त्याखाली `093C` चा नुक्ता अशा दोन संकेतांनी येते. "ॲ" चेही तेच: एका कळफलकावर ते `0972` असते, तर दुसऱ्यावर "अ" आणि त्यापुढे `0945` ची चंद्रखूण अशी जोडी असते. वर्डमध्ये त्या अक्षरानंतर लगेच कर्सर ठेवून Alt आणि X दाबले की संकेत दिसतो आणि पुन्हा दाबले की अक्षर परत येते. दोन्ही नकलांमध्ये शोधा-बदला करून एकच रूप केले आणि पुन्हा तुलना केली, तेव्हा १२ बदल उरले. मजकूर जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये असेल आणि उत्तर युनिकोडमध्ये आले असेल, तर आतील अक्षरे रोमनच असल्यामुळे तुलनेत संपूर्ण करार बदललेला दिसेल. तेथे आधी रूपांतर आणि मग तुलना हाच क्रम ठेवावा लागतो.

बदल शब्दांच्या पातळीवर पाहायचे की अक्षरांच्या, हा पर्यायही तेथेच असतो. देवनागरीसाठी `Word level` ठेवावा. अक्षरांच्या पातळीवर काना किंवा मात्रा तेवढीच सुटी दाखवली जाते आणि ती नजरेतून निसटते. आमच्या करारात नोटिशीच्या कलमात "लेखी व नोंदणीकृत टपालाने" असे होते, ते "लेखी वा नोंदणीकृत टपालाने" झाले होते. एका कान्याने दोन अटींची एकच अट झाली: आता टपाल नसले तरी साधे पत्र पुरेसे ठरू शकले असते. शब्दाच्या पातळीवर "व" खोडलेला आणि "वा" घातलेला असे दोन स्पष्ट बदल दिसले, म्हणूनच तो सापडला.

अक्षर न बदलता बदललेले कलम सोडून देणे

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक येथे होते आणि ती वर्डची तुलना दाखवत नाही. मालकाच्या बाजूने सोसायटीच्या पार्किंगविषयी एक नवे कलम ८ घातले होते. ते स्वतः निरुपद्रवी होते, परंतु कलमांना आपोआप क्रमांक देण्याची सोय लावलेली असल्यामुळे त्याच्या पुढचे प्रत्येक कलम एकाने सरकले आणि वर्ड अशा सरकलेल्या क्रमांकांना बदल मानत नाही. जुने कलम ८ किरकोळ दुरुस्तीचे होते, ते ९ झाले. जुने कलम ९ पोटभाडेकरू न ठेवण्याचे होते, ते १० झाले. समाप्तीचे कलम ११ होते, ते १२ झाले, आणि त्यातील हाताने टाइप केलेले वाक्य तसेच राहिले: "लायसन्सीने कलम ९ चा भंग केल्यास लायसन्सर १५ दिवसांच्या नोटिशीने हा करार संपुष्टात आणू शकेल."

जुन्या प्रतीत या वाक्याचा अर्थ असा होता की पोटभाडेकरू ठेवला तर करार संपेल. नव्या प्रतीत तेच वाक्य सांगत होते की नळाची गळती वेळेवर दुरुस्त केली नाही तरी करार संपेल, आणि पोटभाडेकरू ठेवण्यावर ही कारवाई उरलीच नव्हती. एकाही अक्षराला हात न लावता दोन्ही पक्षांना त्रासदायक ठरेल असा बदल झाला होता, आणि मला तरी तो मुद्दाम केलेला वाटला नाही. तो शोधण्यासाठी नव्या प्रतीत "कलम" हा शब्द शोधून प्रत्येक संदर्भावर थांबावे, तो क्रमांक आज कोणत्या कलमाकडे बोट दाखवतो आणि जुन्या प्रतीत कोणत्या कलमाकडे दाखवत होता हे लिहावे. संदर्भ फील्ड म्हणून घातलेले असतील तर आधी सर्व मजकूर निवडून F9 दाबावे, नाहीतर पडद्यावर शिळे क्रमांक दिसत राहतात.

व्याख्यांचेही असेच असते. कलम १(ग) मध्ये "देखभाल खर्च म्हणजे सोसायटीची मासिक देखभाल वर्गणी" असे होते, ते "सोसायटी वेळोवेळी आकारेल ती सर्व वर्गणी" झाले. देखभाल खर्च लायसन्सीने भरावा असे सांगणारे कलम ७ तसेच होते, तरीही इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी निघालेली वर्गणी आता त्याच्याच माथी आली असती. म्हणून व्याख्या बदलली की तो शब्द जेथे जेथे आला असेल ते प्रत्येक कलम यादीत "मजकूर तोच, परिणाम बदलला" अशा शेऱ्यासह घ्यावे.

वर्डच्या आकड्याला यादी समजणे

वर्ड जे मोजतो ते खोडलेले आणि घातलेले तुकडे असतात, कलमे नव्हेत. आमच्या उरलेल्या १२ बदलांपैकी तीन निव्वळ विरामचिन्हांचे होते आणि बाकीचे नऊ पाच कलमांत होते: व्याख्येचे कलम १(ग), कलम ४ मधील वार्षिक वाढ ५ टक्क्यांवरून ७ टक्के, कलम ६ मधील अनामत परत करण्याची मुदत १५ दिवसांवरून ३० दिवस, नवे कलम ८ आणि नोटिशीचे कलम, जे १४ होते आणि आता १५ झाले. विरामचिन्हांचेही एकदा वाचून पाहावेत, कारण स्वल्पविराम हलला की अट कोणत्या शब्दाला लागू होते ते बदलते. आमच्याकडे तसे काही निघाले नाही. यादीत जुना क्रमांक, नवा क्रमांक, जुना मजकूर, नवा मजकूर आणि परिणाम असे पाच रकाने ठेवले आणि त्यात संदर्भाने बदललेले कलम १२ व व्याख्येने बदललेले कलम ७ अशी भर पडली.

आठवी नोंद परिशिष्ट २ ची. दुकानातील वस्तूंची यादी आम्ही चित्र म्हणून चिकटवली होती आणि चित्रातला मजकूर वर्ड वाचत नाही, त्यामुळे दोन एसींचे तीन झाल्याची खूण तुलनेत कोठेही आली नाही. दोन्ही परिशिष्टे छापून शेजारी ठेवली तेव्हाच ते दिसले. स्कॅन केलेली पीडीएफ आली असेल तर संपूर्ण करारच अशा चित्राच्या स्वरूपात असतो. त्यावर ओसीआर करून काढलेला मजकूर तुलनेसाठी घेतला तरी त्यातले सगळे आकडे कागदावरून पुन्हा वाचावे लागतात, कारण ओसीआर देवनागरी १ आणि ९ यांच्यात गल्लत करू शकते.

यादी पूर्ण झाली की नाही हे तपासण्यासाठी तुलनेतून निघालेल्या प्रतीची नक्कल घेऊन `Reject All Changes` करावे आणि ती मूळ प्रतीच्या, अक्षरांचे संकेत एकरूप केलेल्या नकलेशी पुन्हा जुळवावी. फरक शून्य आला पाहिजे. मग दुसऱ्या नकलेवर `Accept All Changes` करून ती आलेल्या प्रतीच्या तशाच नकलेशी जुळवावी. स्वरूपण सोडून काही फरक निघाला, तर पहिल्या तुलनेत एखादा पर्याय बंद राहिला होता असे समजावे. या चाचणीतून चित्रे आणि कलमांचे संदर्भ मात्र निसटतात, ते वेगळेच पाहावेत.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणी ऑनलाइन करायची असेल तर माहिती पुन्हा भरली जाते आणि त्यातून तयार होणारा मसुदा ही तिसरी आवृत्ती ठरते, जी वर्डच्या तुलनेत कधी आलेलीच नसते. त्यावर अंगठा किंवा सही होण्यापूर्वी एकाने मान्य झालेल्या प्रतीतील रकमा, तारखा, टक्केवारी आणि दिवस मोठ्याने वाचावेत आणि दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून जुळवावेत. आमच्या आठ नोंदींपैकी कलम ६ मधील १५ दिवस वाटाघाटीत परत मिळाले होते, आणि पडद्यावर ते ३० च होते.