रसायनं शेजारी-शेजारी ठेवताना : या चुका टाळा

शिरोली असो की गोकुळ शिरगाव, फाउंड्रीच्या लॅबमधलं रसायनांचं कपाट बहुतेक ठिकाणी सारखंच लावलेलं असतं. एका कप्प्यावर मार्करनं 'ॲसिड' लिहिलेलं, त्यात नायट्रिक, हायड्रोक्लोरिक आणि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड दाटीवाटीनं उभी. दुसऱ्यावर 'सॉल्व्हंट', त्यात अल्कोहोल आणि ॲसिटोन. अमोनिया जागा मिळेल तिथं. ऑडिटवाला आला की लेबलं पुसून घ्यायची आणि "बघा, सगळं वर्गवारीनं लावलंय" म्हणायचं. विचारलं तर उत्तरही ठरलेलं : "तिन्ही ॲसिडच की साहेब, मग वेगळं कशाला?"

या एका वाक्यापायी मी किती कपाटं रिकामी करायला लावली असतील, देव जाणे.

नावावरून शेजार ठरवणं

'ॲसिड' या नावावरून एवढंच कळतं की हा पदार्थ कॉस्टिकसारख्या अल्कलीशी क्रिया करील. तो स्वतः जळतो की दुसऱ्याला जाळतो, हे त्यातून अजिबात कळत नाही. आणि शेजार ठरवताना सगळ्यात आधी बघायचं असतं ते हेच.

ॲसिटिक ॲसिडचा रेणू बघा. एका टोकाला ॲसिडपणा देणारा COOH गट आहे, पण दुसऱ्या टोकाला CH₃ आहे, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. तो इंधनाचा भाग. ग्लेशियल ॲसिटिकचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याच्या वाफा ठिणगीनं पेटू शकतात तो, साधारण ३९ अंश सेल्सिअस आहे. पत्र्याच्या शेडमधल्या लॅबला एप्रिलच्या दुपारी तेवढं तापायला फार काही लागत नाही. आता नायट्रिक बघा : HNO₃. कार्बन नावाला नाही, नायट्रोजनभोवती ऑक्सिजन खच्चून भरलेला, आणि तो दुसऱ्याला द्यायला टपलेला. म्हणजे एक इंधन आणि एक ऑक्सिडायझर, आणि आपण दोघांना एकाच फळीवर ठेवलंय, कारण दोघांच्या आडनावात ॲसिड आहे.

माझी सवय अशी की कुठलं रसायन कुणाशेजारी चालतं ते सांगणारा चार्ट उघडण्याआधी रजिस्टरच्या मागच्या पानावर प्रत्येक बाटलीपुढं पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहायच्या. यात जळण्यासारखा कार्बन आहे का? हा ऑक्सिजन किंवा क्लोरीन देणारा आहे का? आणि ॲसिड, अल्कली की पाण्याशी भांडणारा? एका बाटलीपुढं दोन उत्तरं आली तरी दोन्ही लिहायची. नायट्रिकपुढं 'ऑक्सिडायझर' आणि 'ॲसिड' दोन्ही येतात. नवी मुलं यातलं एकच लिहून मोकळी होतात आणि तिथंच फसतात.

त्यानंतर चार्ट. अमेरिकेच्या NOAA आणि EPA या सरकारी संस्थांचं CAMEO Chemicals हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि चांगलं आहे. रसायनं यादीत टाकली की ते प्रत्येकाला त्याच्या क्रियाशील गटात बसवतं आणि गटागटांची जोडी लावून निकाल देतं : Incompatible, Caution किंवा Compatible. नायट्रिक तिथं 'Acids, Strong Oxidizing' मध्ये येतं आणि ॲसिटिक 'Acids, Carboxylic' मध्ये. म्हणजे ज्यांना आपण एक घर समजत होतो, ते चार्टच्या लेखी दोन वेगळे गट आहेत. पेन्सिलीचं उत्तर आणि चार्टचं उत्तर जुळलं नाही तर मी थांबतो आणि का जुळलं नाही ते शोधतो. पोरं उलटं करतात. नुसता निकालाचा रंग बघायचा आणि टॅब बंद.

त्या कपाटाचीच यादी लावून बघू. नायट्रिक आणि अल्कोहोल, नायट्रिक आणि ॲसिटोन, नायट्रिक आणि ॲसिटिक : तिन्ही जोड्या वाईट, कारण एकच, ऑक्सिडायझरला इंधन मिळतं. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक : इथं कार्बन नाही, तरीही वाईट, कारण एकत्र झाले की क्लोरीन आणि नायट्रोसिल क्लोराइड हे विषारी वायू सुटतात आणि बंद भांड्यात दाब चढतो. हायड्रोक्लोरिक आणि अमोनिया : दोन्हींच्या वाफा झाकणातून गळून हवेत भेटतात, आणि बाटल्यांवर, लेबलांवर, बिजागऱ्यांवर पांढरी भुकटी बसते. ती अमोनियम क्लोराइड. कपाटात ती दिसली तर पुसून गप्प बसू नका, शेजार चुकलाय. अल्कोहोल, ॲसिटोन आणि ॲसिटिक मात्र एकत्र चालतात, तिघंही जळणारे आहेत, त्यांना ज्वालाग्राही पदार्थांच्या कपाटात ठेवा. तात्पर्य, पाच-सहा बाटल्यांच्या कपाटातही नायट्रिकला स्वतःची जागा आणि स्वतःचा प्लास्टिकचा ट्रे लागतो. लाकडी फळी नको, ट्रेखाली वर्तमानपत्र तर मुळीच नको, तेही इंधनच.

"आत्ता मिसळलं, काही झालं नाही"

ही माझी दुसरी डोकेदुखी. फाउंड्रीवाल्यांना नायटल सांगायला नको. कास्टिंगचा नमुना पॉलिश करून पर्लाइट-फेराइट बघायचं तर तो लागतोच. ९८ मिली इथेनॉलमध्ये २ मिली तीव्र नायट्रिक, हळूहळू, ॲसिड अल्कोहोलमध्ये. आता चार्टमध्ये ही जोडी टाका, निकाल येतो Incompatible. मग हुशार पोरगा म्हणतो, "चार्टला काय कळतंय, आम्ही रोज मिसळतोय."

चार्टला प्रमाण कळत नाही, हे खरं. तो दोन गट भेटले तर काय होऊ शकतं तेवढंच सांगतो. किती, किती तीव्र, किती गरम, बाटली बंद की उघडी, यातलं काही त्याला ठाऊक नसतं. दोन टक्क्यांना अल्कोहोल भरपूर आणि ॲसिड थोडं, उष्णता पसरून जाते. प्रमाण वाढवत गेलात की गणित बदलतं. पाच टक्क्यांच्या वरचा नायटल मी साठवू देत नाही, आणि कमी प्रमाणाचाही घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवू देत नाही, कारण त्यातही सावकाश वायू तयार होतो.

एका फाउंड्रीत घडलेलं सांगतो, नाव नको. लॅबमध्ये नायट्रिकची अडीच लिटरची काचेची बाटली संपली होती. संपली म्हणजे तळाला बोटभर राहिली होती. नव्या मुलानं तीच 'वेस्ट'ची बाटली केली. नमुने धुतलेलं ॲसिटोन त्यात, शिळा नायटल त्यात. पहिल्या दिवशी ओतलं, काही झालं नाही. दुपारी आणखी थोडं ओतलं, तरी शांत. संध्याकाळी वास नको म्हणून त्यानं बूच घट्ट आवळलं आणि बाटली बेसिनखाली सरकवून घरी गेला. रात्रपाळीच्या लोकांनी आवाज ऐकला. सकाळी बघितलं तर बेसिनखालच्या कपाटाचं दार उखडलेलं, काचा समोरच्या भिंतीच्या प्लास्टरमध्ये रुतलेल्या. लॅब रिकामी होती म्हणून वाचलं.

पोरगा शेवटपर्यंत म्हणत होता, "सर, ओतलं तेव्हा काहीच झालं नव्हतं." बरोबर आहे, तेव्हा होत नाहीच. नायट्रिक अल्कोहोलच्या OH गटावर काम करतं, त्याचं आधी अल्डिहाइड, मग ॲसिड करतं, आणि स्वतः नायट्रोजनच्या ऑक्साइडमध्ये मोडतं. हे ऑक्साइड पुढची क्रिया आणखी वेगानं चालवतात. म्हणून सुरुवातीला तासन्‌तास काही दिसत नाही, आणि सुरू झालं की उष्णता आणि वायू एकदम. गप्प बसलेली बाटली सुरक्षित आहे असं समजायचं कारण नाही.

ओळखायचं कसं? द्रवातून बारीक बुडबुडे, वरच्या मोकळ्या जागेत तपकिरी वायू, काच कोमट. यातलं काहीही दिसलं तर बूच उघडायला जाऊ नका, बाटली उचलूही नका. सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या, सेफ्टीवाल्याला आणि अग्निशमन दलाला बोलवा. "जरा बूच सैल करतो" म्हणणाऱ्याचं तोंड नेमकं बाटलीवर असतं.

माझा नियम सरळ आहे : नायट्रिकची रिकामी बाटली कशालाही वापरायची नाही, ॲसिडच्या वेस्टचा आणि सॉल्व्हंटच्या वेस्टचा कॅन वेगळा, दोन्हींना वायू सोडणारं बूच, आणि प्रत्येक ओतण्याची नोंद कॅनवरच्या कागदावर. वेळ जातो म्हणून कुरकुर होते, होऊ दे.

सांडलं की हाताला येईल ते टाकणं

फाउंड्रीत तेल सांडलं की कॉटन वेस्ट किंवा लाकडाचा भुसा, हे हातात बसलेलं असतं. नायट्रिकवर ते टाकलं तर भुसा पेट घेऊ शकतो. तीच जोडी, ऑक्सिडायझर आणि इंधन. वाळू टाका, वाळूची आपल्याकडं काय कमी. पण कोरी सिलिका वाळू. कोअर शॉपमधली रेझिन लावलेली वाळू उचलून आणाल तर रेझिनही कार्बनच आहे.

सेफ्टी डेटा शीटचा दहावा विभाग वाचून समाधान मानणं

हा विभाग रसायन किती स्थिर आहे आणि कशाशी क्रिया करतं ते सांगतो. ॲसिटोनच्या शीटमध्ये तिथं लिहिलेलं असतं 'तीव्र ऑक्सिडायझरपासून दूर ठेवा'. तिथं नायट्रिकचं नाव असेलच असं नाही. ते ऑक्सिडायझर आहे हे तुम्हाला आधीच ठाऊक हवं, नाहीतर शीट वाचूनही दोघं एकाच फळीवर. दोन्ही रसायनांच्या शीट समोरासमोर ठेवून वाचा.

बाजारी नावं

इचलकरंजीच्या कापड प्रोसेस हाउसमधला 'हायपो' लिहिलेला कॅन सोडियम हायपोक्लोराइटचा असू शकतो आणि थायोसल्फेटचाही. पहिला ऑक्सिडायझर, दुसरा नेमका उलटा. कॅनवर पूर्ण नाव आणि टक्केवारी नसेल तर चार्टमध्ये काय टाकणार? असा कॅन मी स्टोअरमध्ये घेतच नाही.

उरलेलं पेरॉक्साइड परत कॅनमध्ये ओतणं

मोजपात्रातला लोखंडाचा गंज किंवा कॉस्टिकचा थेंब सोबत गेला की हायड्रोजन पेरॉक्साइड कॅनमध्येच मोडायला लागतं, गरम होतं, ऑक्सिजन सोडतं. जोडी-जोडीनं चालणाऱ्या चार्टमध्ये मोजपात्रावरचा गंज कुणी टाकत नाही. उरलेलं भरपूर पाण्यात पातळ करून टाका, आणि पेरॉक्साइडचं मोजपात्र वेगळं ठेवा, त्यावर रंगानं मोठं P लिहून.