या चुका टाळा: ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा की प्रयत्न?

आमच्या इंदूरकडची मराठी मुलं सीटीईटी या शिक्षक पात्रता परीक्षेला बसतात तेव्हा पुष्कळदा पहिली भाषा हिंदी आणि दुसरी मराठी घेतात. दोन्हींचे तीस-तीस प्रश्न, एकाच अडीच तासांत. हिंदी संपवून मराठीकडे वळलं तरी डोकं हिंदीतच रेंगाळतं.

परवा भाचीचा सराव पेपर तपासत होते. उताऱ्यातलं वाक्य होतं, ‘वर्गातली मुलं त्याची चेष्टा करू लागली.’ पर्याय: प्रयत्न, थट्टा, हालचाल, तक्रार. भाचीबाईंनी ‘प्रयत्न’वर खूण केलेली!

“अगं, वाक्य वाचलंस का?”

“मावशी, शब्द माहीत होता, मग कशाला वाचू?”

नेमकं हेच होतं. शब्द अनोळखी असला की आपण मागंपुढं बघतो, ओळखीचा असला की बघतच नाही.

म्हणून आधी शेजारचा शब्द बघा. मराठीत चेष्टा ‘कोणाची तरी’ होते. हिंदीत ‘उठने की चेष्टा’ म्हणजे उठण्याचा प्रयत्न, तिथे की-च्या आधी क्रियापद येतं. ‘टीका’ मराठीत स्त्रीलिंगी, कोणावर तरी होते. हिंदीत ‘टीका लगा’ म्हटलं की पुल्लिंगी आणि आपली लस. ‘यातायात’ मराठीत माणसाला करावी लागते, म्हणजे दगदग. हिंदीत ती रस्त्यावरची वाहतूक, आणि ती ‘बाधित’ होते.

चूक उलट्या बाजूनंही होते, आणि मराठी घरातल्या मुलांना ती जास्त भोवते. हिंदी उताऱ्यात ‘संविधान में संशोधन’ आलं की आपला हात ‘शोध’कडे जातो. पण तिथे अर्थ दुरुस्ती. आपण जिला घटनादुरुस्ती म्हणतो ती. तसंच ‘समस्या का समाधान’ म्हणजे तोडगा, मनाचं समाधान नव्हे. ‘राजीनामा’ तर भलताच: आपल्याकडे नोकरी सोडण्याचा कागद, हिंदी कोर्टकचेरीत दोन्ही पक्षांची तडजोड.

काही शब्दांना मात्र एकाच भाषेत दोन अर्थ असतात. हिंदीत ‘प्राकृतिक आपत्ति’ म्हणजे संकट आणि ‘आपत्ति दर्ज की’ म्हणजे हरकत घेतली. असे शब्द पाठ करून भागत नाही. पर्याय मूळ शब्दाच्या जागी बसवून वाक्य एकदा मनात वाचायचं. ‘मुलं त्याचा प्रयत्न करू लागली’ हे कानाला लगेच खटकतं.

फक्त एक सांभाळा, कानावर विसंबताना आपलं इंदुरी मराठी पारखून घ्या. आमच्या घरी ‘डबा खाली कर’ सर्रास चालतं, आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. प्रमाण मराठीत तो डबा रिकामा होणार नाही. ओट्यावरून जमिनीवर येईल एवढंच.