म्हशीच्या दुधातली फिल्टर कॉफी

सांगलीत फिल्टर कॉफी करायला घेतली की पहिली अडचण येते ती दुधाची. कृती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यापुढे असतं गाईचं दूध आणि आपल्या पातेल्यात असतं म्हशीचं, वर बोटभर साय धरणारं. मी पहिल्यांदा केलेली कॉफी सासूबाईंनी एक घोट घेऊन खाली ठेवली. म्हणाल्या, "दूध चांगलं आहे गं, पण कॉफी कुठाय?" बरोबरच होतं त्यांचं. दुधातल्या स्निग्धांशाने कॉफीचा कडवटपणा आणि वास दोन्ही झाकून टाकले होते. म्हणून डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरणारा कॉफीचा अर्क, दाट हवं आणि दूध थोडं पातळ.

आधी पावडर. इन्स्टंट पावडर पाण्यात विरघळून जाते, ती इथे चालत नाही. फिल्टरसाठीची भाजून दळलेली कॉफी घ्या, पाकिटावर चिकोरीचं, म्हणजे कॉफीत मिसळलेल्या भाजक्या मुळाच्या पुडीचं, प्रमाण छापलेलं असतं ते बघा. चिकोरीने रंग गडद होतो, पाणी सावकाश उतरतं आणि डिकॉक्शनला अंग येतं. पण कॉफीचा वास तिच्यात नसतो. म्हशीच्या दुधाला मला ८०:२०, म्हणजे ८० भाग कॉफी आणि २० भाग चिकोरी, बरी वाटते. चिकोरी वाढवली की रंगाने फसायला होतं, कॉफी काळीकुट्ट दिसते आणि चव मात्र करपलेल्या गुळाकडे जाते.

दोन कपांचा हिशेब सांगते, कप १२० मिलीचा. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं. त्या वरच्या भांड्यात २० ग्रॅम पावडर घाला, म्हणजे साधारण चार सपाट पोह्याचे चमचे. भांडं हलकेच आपटून ती सारखी करा आणि दांडीची चकती वर ठेवून अलगद दाबा. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. मग चकतीवरून आधी दोन-तीन चमचेच ओता, पावडर भिजून फुगू द्या. मिनिटभराने उरलेलं ओता. एकूण पाणी १२० मिली. झाकण ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं त्याला हात लावू नका. खाली साधारण ८० मिली उतरेल, बाकीचं पावडरच धरून ठेवते.

पाच मिनिटांत सगळं खाली आलं तर पावडर जाड आहे किंवा चकती नीट दाबली गेली नाही. डिकॉक्शन चमच्यात घेऊन उजेडाकडे धरा. चमच्याचा तळ दिसला तर ते पातळ आहे, या दुधात ते टिकणार नाही. उलट अर्धा तास झाला तरी थेंब पडत नसेल तर आधी वरचं भांडं किंचित उचलून पुन्हा ठेवा. दोन भांडी घट्ट बसली की खालची हवा अडकते आणि पाणी उतरत नाही. तरीही अडलं तर पावडर फार बारीक आहे, फार दाबली गेली आहे, नाहीतर भोकं बुजली आहेत. धुतलेलं भांडं उजेडात धरून बघा. बुजलेलं भोक सुईने मोकळं होतं.

आता दूध. साय पूर्ण काढा (तुपासाठी काढतोच आपण). १२० मिली दुधात ४० मिली पाणी घालून तापवा, वर येऊ लागलं की लगेच उतरवा आणि गाळून घ्या. ८० मिली डिकॉक्शनला हे १६० मिली दूध, म्हणजे एकास दोन. गाईचं दूध असेल तर पाणी घालू नका, एकास तीन चालतं. डिकॉक्शन कधीही उकळू नका, वास उडतो आणि जिभेवर नुसता कडूपणा राहतो. गार झालं असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवा.

साखर आधी पेल्यात, मग डिकॉक्शन, मग दूध. फेसासाठी एक पेला आणि एक खोलगट, उंच काठाची वाटी घ्या. दोन्ही अर्ध्याच्या वर भरू नका. पहिली धार वीतभर उंचीवरून, पुढच्या हातभर उंचीवरून, बारीक आणि सलग. धारेबरोबर आत गेलेली हवा दुधातली प्रथिनं धरून ठेवतात, तोच फेस. सायीचा एखादा तुकडा राहिला असेल तर फेस तिथून फुटतो, म्हणून गाळणं टाळू नका. तीन-चार वेळा ओतणं पुरे. प्रत्येक धारेला कॉफी निवते, आठ-दहा वेळा ओतलं तर फेस भरपूर आणि कॉफी कोमट. पहिले काही दिवस मोरीजवळ उभं राहून ओता, ओटा पुसायचा वाचेल.

सासूबाई अजूनही वरून जायफळ किसून घेतात. दोन-चार वेळाच किसणीवर फिरवायचं, त्याहून जास्त झालं तर पंधरा मिनिटं थांबून मिळवलेला कॉफीचा वास जायफळाखाली जातो.