१६ किलोबाइटची कॅश, पण इंडेक्स १४ बिटांचा नाही: या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना मी कॅशची गणितं शिकवतो. डायरेक्ट-मॅप्ड कॅशमध्ये सगळ्यात जास्त मार्क एकाच ठिकाणी जातात. गणित असं असतं: ३२ बिटांचा पत्ता, १६ किलोबाइटची कॅश, ८ शब्दांचा ब्लॉक, शब्द ४ बाइटचा, मेमरीत प्रत्येक बाइटला वेगळा पत्ता. मुलं १६ किलोबाइट म्हणजे २^१४ काढतात आणि ते १४ थेट इंडेक्सला देऊन टाकतात.

"भाऊ, कॅशमध्ये ओळी किती?" असं विचारलं की गडबड लगेच कळते. इंडेक्स ओळ निवडतो, बाइट नाही. एका ओळीत एक ब्लॉक, म्हणजे ३२ बाइट. १६३८४ भागिले ३२, म्हणजे ५१२ ओळी. म्हणून इंडेक्स ९ बिट, ऑफसेट ५ आणि उरलेले १८ टॅगला. ते १४ वाया जात नाहीत: इंडेक्स आणि ऑफसेटची बेरीज १४ यायलाच हवी. उत्तर लिहिण्याआधी एवढं ताडून पाहा.

ऑफसेट ३ आला असेल, तर तुम्ही ब्लॉकमधले शब्द मोजलेत, बाइट नाही. इथे बेरीज १४ यावी म्हणून इंडेक्स ११ करू नका, ऑफसेट दुरुस्त करा.

आता 0x1234ABCD हा पत्ता घ्या. पुष्कळ जण हेक्सचे अंक मोजून तोडतात, पण ५ आणि ९ बिट अंकाच्या सीमेवर संपत नाहीत. आधी बायनरी लिहा, मग उजवीकडून तोडा:

```
000100100011010010 101011110 01101
```

ऑफसेट १३, इंडेक्स ३५०, टॅग 0x48D2. प्रोग्राममध्ये हेच असं होतं:

```
offset = addr & 0x1F;
index  = (addr >> 5) & 0x1FF;
tag    = addr >> 14;
```

सिम्युलेटर लिहिणाऱ्यांनी आणखी एक पत्ता तपासावा: आधीच्यात 0x4000 मिळवा, 0x1234EBCD येतो. दोन्ही पत्त्यांत बरोबर १६ किलोबाइटचं अंतर आहे, त्यामुळे ओळ तीच, ३५०. टॅग मात्र 0x48D3. हे दोन पत्ते आळीपाळीने वाचले तर प्रत्येक वेळी मिस व्हायला हवा, कारण एक आला की दुसरा बाहेर जातो. तुमच्या प्रोग्राममध्ये पहिल्या दोन मिसनंतर हिटच हिट दिसत असतील, तर इंडेक्स ९ बिटांपेक्षा मोठा धरला गेलाय. इंडेक्स १४ बिटांचा धरला की नेमकं हेच होतं: दोघांना वेगवेगळ्या ओळी मिळतात, ज्या कॅशमध्ये एवढ्या नाहीतच.

गणितातले १६ किलोबाइट फक्त डेटाचे असतात. प्रत्येक ओळीत टॅगचे १८ आणि व्हॅलिडचा १ बिट धरला तर एकूण १७६०० बाइट लागतात. या आकड्यावरून इंडेक्स काढायला गेलात तर ओळी ५१२ नाही, ५५० येतील.