सहा फोटो आणि तीन प्रकारचं 'हललेलं': नवशिक्या फोटोग्राफरला अभिप्राय कसा द्यावा

माझी भाची कॅमेरा शिकतेय. एका पहाटे ती दादरच्या फुलबाजारात गेली आणि संध्याकाळी तिने मला सहा फोटो पाठवले. खाली लिहिलं होतं, "मामा, खरं खरं सांग." त्या सहा फोटोंवर आम्ही तासभर बोललो. ते कसं केलं ते इथे लिहितो, म्हणजे तुमच्याकडे कुणी असे फोटो घेऊन आलं तर नुसतं "छान आहे" किंवा "अजून सराव हवा" म्हणून सुटका करून घ्यावी लागणार नाही.

आधी मूळ फाइल मागा

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि शटर स्पीड, आयएसओ वगैरे नोंदी फाइलमधून निघून जातात. त्या नोंदींशिवाय फोकसबद्दल बोलणं म्हणजे अंदाजपंचे. म्हणून फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा किंवा कार्डच घेऊन या म्हणावं. संख्या पाच ते आठ ठेवा. चाळीस फोटो आले तर निवड परत पाठवा, कारण निवडणं हेही तिचंच काम आहे.

मग सगळे एकत्र, छोटे करून बघा

एकेक फोटो मोठा करून बघायची घाई करू नका. सहाही फोटो पडद्यावर काडेपेटीएवढे करून शेजारी शेजारी मांडा. इतक्या लहान आकारात चेहरे, पाकळ्या काही दिसत नाही, फक्त उजेड-अंधाराचे ठिपके उरतात. भाचीच्या सहापैकी चार फोटोंत वरच्या उजव्या कोपऱ्यात पांढरीफटक ट्यूबलाइट होती आणि नजर आधी तिथेच जात होती. प्रत्येक फोटो सुटा पाहिला असता तर मी चार वेळा तेच बोललो असतो आणि तिला चार चुका झाल्यासारखं वाटलं असतं. खरं तर चूक एकच होती: ती एकाच जागी, एकाच उंचीवर उभी राहून फोटो काढत होती.

हे मी लगेच सांगितलं नाही. आधी विचारलं, "या फोटोत तुला काय दाखवायचं होतं?" हार ओवणाऱ्या बाईंच्या फोटोबद्दल ती म्हणाली, "त्यांचा हात इतका भरभर चालतो, बघतसुद्धा नाहीत त्या." म्हणजे फोटो हातांचा होता, पण फ्रेमचा निम्मा भाग मागच्या दुकानाने खाल्ला होता. हेतू कळला की मोजपट्टी मिळते. नाहीतर आपण आपल्या आवडीनिवडी तिच्यावर लादत बसतो.

फोकस: 'हलला' या शब्दावर थांबू नका

इथे सर्वात जास्त वेळ द्या. भाचीच्या मते तीन फोटो "हलले" होते. तिन्ही शंभर टक्के मोठे करून पाहिले तर तीन वेगळी दुखणी निघाली.

पहिल्यात बल्ब, टोपल्या, माणसं, सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत होतं. हा हात हलल्याचा पुरावा. दुसऱ्यात टोपलीचा वेत न् वेत स्पष्ट होता, फक्त ओवणाऱ्या बोटांचा धूर झाला होता. इथे कॅमेरा स्थिर होता, बोटं शटरपेक्षा जलद होती. तिसऱ्यात फूलवाल्या आजींचे डोळे मऊ होते, पण त्यांच्यापुढे लोंबणारी झेंडूची माळ सुईसारखी टोकदार. म्हणजे हललं काहीच नव्हतं, फोकस भलत्या ठिकाणी बसला होता.

उपाय तिघांचे वेगळे. पहिले दोन फोटो १/३० सेकंदाचे होते. कॅमेऱ्यातलं किंवा लेन्समधलं कंपन रोखणारं तंत्र फक्त हाताच्या थरथरीला उपयोगी, चालत्या बोटांना नाही. बोटांसाठी शटरच वेगवान हवं. मग शटर एवढं सावकाश का? तर फोटोत दाणे येतील या भीतीने तिने आयएसओ ४०० वर बांधून ठेवला होता. तो ३२०० केला की तेवढ्याच उजेडात शटर जवळपास १/२५० वर जातं. मी तिला सांगितलं, दाणेदार बोटं चालतील, धुराची नकोत.

आजींच्या फोटोत लेन्स ५० मिलिमीटरची आणि छिद्र पूर्ण उघडं, एफ १.८. तिच्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर एक मीटर अंतरावरून स्पष्ट पट्टा जेमतेम ३ सेंटीमीटरचा मिळतो, आणि बिंदू निवडायचं काम कॅमेऱ्यावर सोडलं की तो बरेचदा जवळची ठळक वस्तू पकडतो. तेव्हा एकच फोकस-बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवायचा.

उजेड: झेंडूकडे बघा

"लाइट बरोबर नाही" हे वाक्य कुणालाच उपयोगी पडत नाही. बोट ठेवून दाखवा. मी विचारलं, "या ढिगात तुला पाकळ्या मोजता येतात का?" येत नव्हत्या. बल्बखालचा झेंडू म्हणजे नुसता केशरी लगदा झाला होता. फोटो एकूण ठीक उजळ वाटला तरी केशरी फुलांत लाल रंग आधीच काठोकाठ भरतो आणि बारकावे जातात. पुढच्या वेळी एक्स्पोजर कम्पेन्सेशन उणे एकवर नेऊन पाकळ्या दिसतात का ते जागेवरच तपासायचं.

डोक्यावरच्या बल्बमुळे आजींच्या डोळ्यांत खड्डे पडले होते. तिथे सेटिंग बदलून काही होत नाही. त्या गिऱ्हाइकाकडे मान वर करतात त्या क्षणाची वाट बघावी लागते.

रचना: कात्री लावू नका, झाका

तिचा फोटो आपण कापून दाखवला की तो आपला होतो. त्यापेक्षा पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे पडद्यावर धरून तिलाच सरकवायला सांगा. भाचीने ट्यूबलाइट झाकली, मागचं दुकान झाकलं आणि स्वतःच म्हणाली, "अरे, मी खाली बसायला हवं होतं." नंतर फक्त चारही कडांवरून एकदा नजर फिरवायला सांगितली, एका फोटोत हाराचा गोंडाच कापला गेला होता.

गोष्ट: एक काढा, एक शोधा

शेवटी सहाही फोटोंच्या छापील प्रती टेबलावर मांडल्या आणि दोनच प्रश्न विचारले. कोणता काढला तर काही बिघडणार नाही? तिने गर्दीच्या तीन फोटोंतले दोन उचलून बाजूला ठेवले. कोणता नाही म्हणून चुकल्यासारखं वाटतं? बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "हार कुणी घेतंय असा एकही नाही." फुलं येतात, ओवली जातात आणि पुढे कुठेच जात नाहीत. हे मी सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती, एवढंच.

घरी जाताना तिला यातलं सगळं दिलं नाही. कागदावर दोन ओळी लिहिल्या: आयएसओ ३२००, आणि हार विकला जाईपर्यंत एकाच टोपलीजवळ बसून राहा. फोकस-बिंदूचं त्या दिवशी बोलून झालं होतं, पण कागदावर मुद्दाम घेतलं नाही.

पंधरा दिवसांनी सात फोटो आले. बोटं स्पष्ट होती, एका टॅक्सीवाल्याने आरशाला हार बांधतानाचा फोटो होता, आणि फोकस दोनदा माळेवरच बसला होता. या वेळच्या कागदावर ती एकच ओळ गेली.