क्लायंटकडे बिलं मागताना या चुका टाळा

रिटर्नची तारीख जवळ आली की आपण सगळ्या क्लायंटना एकच मेसेज ढकलतो, "उरलेली बिलं लवकर पाठवा", आणि गाडी तिथंच अडते. उरलेली म्हणजे नेमकी कुठली हे त्या माणसाला कसं कळणार? मी असं पत्र पाठवल्यावर एका क्लायंटने चाळीसेक फोटो टाकले, बहुतेक माझ्याकडे आधीच होते, आणि मला हवी होती त्यातलं एकही नव्हतं. चूक माझीच.

आता मी आधी बँक स्टेटमेंट उघडतो, बिल असलेल्या खर्चाला टिक करत जातो आणि टिक न झालेल्या ओळीच पत्रात घालतो. नाव स्टेटमेंटवर जसं दिसतं तसंच, कितीही विचित्र असलं तरी, कारण क्लायंट त्याच्या ॲपमध्ये तेच शोधणार. म्हणजे साधारण असं, इथं नावं गाळलीत:

"12 मे, 18,400, छपाई. कार्डची स्लिप मिळाली, बिल हवंय.
3 ऑगस्ट, 6,250. हा खर्च धंद्याचा की घरचा? घरचा असेल तर तेवढंच कळवा, बिल नको."

दुसरी ओळ फार कामाची आहे बरं का. बरीच "हरवलेली" बिलं मुळात घरच्या खर्चाची असतात, क्लायंटला सांगायला अवघड वाटतं म्हणून तो गप्प बसतो आणि आपण रिमाइंडर पाठवत राहतो.

स्लिपचंही स्पष्ट लिहा. स्लिपवरून पैसे गेले एवढंच कळतं, घेतलं काय ते नाही. कोटेशनवरून तर पैसे गेले की नाही हेही कळत नाही. विकणाऱ्याचं नाव, तारीख, वस्तू आणि रक्कम दिसेल असा कागद पाहिजे.

आता माझी लाज काढणारी चूक. एका फर्निचरवाल्याला 10,000 ॲडव्हान्स आणि महिन्याने 20,000 गेले होते, मी दोन बिलं मागितली, क्लायंट म्हणाला "अहो, पाठवलंय की!" आणि खरंच 30,000 चं एकच बिल माझ्याच फोल्डरमध्ये पडलेलं. तेव्हा रक्कम जुळत नसेल तर आधी त्याच पार्टीच्या सगळ्या पेमेंटची बेरीज करून बघा, मग मागा.

आणि पत्रात रिटर्नची शेवटची तारीख टाकू नका, लोक त्याच रात्री पाठवतात. दहा दिवस आधीची द्या, बिल नाही आलं तर काय करणार तेही लिहा: "छपाईचा खर्च धरणार नाही, नफा 18,400 ने जास्त दिसेल आणि त्यावर टॅक्स लागेल." नुसतं "टॅक्स वाढेल" लिहिलं तर 18,400 टॅक्सच भरायचाय असं समजून घाबरून फोन येतो. खरंच हरवलं असेल तर दुकानदाराकडून डुप्लिकेट कॉपी मागवायला सांगा, ते दहा दिवस त्यासाठीच ठेवलेत.